संस्थापकाचा टक्का कुठे जातो?

(बेळ्ळंदूर परिसरातील मराठी रहिवाशांनी भरवलेल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ आयुष्यभर हिशेब तपासत राहिले. म्हणून त्यांच्या नावाने बोलताना एखादा हिशेबच मांडावा असं मी ठरवलं. माझा व्यवसाय कंपनी सेक्रेटरीचा. कंपन्यांची भागधारकांची नोंदवही सांभाळणं, नवे शेअर निघाले की सरकारदरबारी कागद भरणं, आणि शेअर कोणाकडे किती हे सांगणारा तक्ता, म्हणजे कॅप टेबल, अद्ययावत ठेवणं हे माझं रोजचं काम. त्या तक्त्यातला एकच रकाना आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. संस्थापकाच्या नावापुढचा टक्का दर फेरीला कमी कमी होत जातो. तो का होतो, आणि त्यात संस्थापकाचं नुकसान कधी होतं नि कधी होत नाही, एवढाच आजचा विषय.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. आपण बसलो आहोत तिथून आउटर रिंग रोडला लागलं की देवरबीसनहळ्ळीचं एम्बसी टेक व्हिलेज लागतं. फ्लिपकार्टचं मुख्यालय तिथेच, स्विगीचं नोंदणीकृत कार्यालयही तिथेच. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ साली फ्लिपकार्ट काढली तेव्हा दोघांनी मिळून चार लाख रुपये घातले होते आणि सगळी मालकी त्या दोघांची होती. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी सचिन बन्सल यांच्याकडे साधारण साडेपाच टक्के उरले होते. हा साडेपाच टक्क्यांचा आकडा ऐकून त्या काळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. ज्याने दुकान थाटलं त्याच्या हाती शंभरातले पाच! पण तेवढ्या हिश्शाचे त्यांना सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. मग हळहळ करायची की नाही? याचं उत्तर टक्क्यात नाही, ते टक्का कसा काढतात त्यात आहे.

शेअर तेवढेच, छेद मोठा

वडिलोपार्जित शेताची वाटणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दहा एकर असले आणि भाऊ वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची जमीन खरोखर कमी होते. शेअरचं तसं नाही, आणि सगळा घोटाळा या दोन गोष्टी एक समजण्यात आहे. कंपनी नवे शेअर काढते तेव्हा संस्थापकाचा एकही शेअर कोणी काढून घेत नाही. नोंदवहीत त्याच्या नावावर आधी जेवढे होते तेवढेच राहतात. वाढते ती एकूण संख्या. अपूर्णांकातला अंश तोच राहतो आणि छेद मोठा होतो, म्हणून टक्का उतरतो. आणि छेद मोठा होतो तेव्हा कंपनीच्या खात्यात रोकडही येते. तेव्हा भागीदार वाढले, तसं सामाईक मिळकतीत भांडवलही वाढलं.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत, पण पायऱ्या खऱ्या आहेत.

दोघं मित्र कंपनी काढतात. दहा रुपये दर्शनी किमतीचे ७,००० शेअर निघतात. संस्थापिकेने जास्त वेळ दिला, कल्पना तिची, म्हणून तिच्याकडे ४,२०० आणि जोडीदाराकडे २,८००. तिचा हिस्सा ६० टक्के. आज आपण तिच्याच ४,२०० शेअरांवर नजर ठेवायची आहे. व्याख्यान संपेपर्यंत हा आकडा बदलणार नाही.

पहिली फेरी आणि कर्मचाऱ्यांचा पूल

एक गुंतवणूकदार येतो आणि म्हणतो, 'तुमच्या कंपनीची किंमत मी आठ कोटी धरतो आणि दोन कोटी घालतो.' पैसे येण्याआधीची किंमत आठ कोटी, तिला या धंद्यात प्री-मनी म्हणतात. पैसे आल्यावरची दहा कोटी, ती पोस्ट-मनी. दहातले दोन, म्हणजे गुंतवणूकदाराचे वीस टक्के. संस्थापिका मनात हिशेब करते. आठ कोटींचे ७,००० शेअर, म्हणजे एका शेअरचा भाव सुमारे ११,४२८ रुपये. दोन कोटींत त्याला १,७५० शेअर मिळतील. एकूण शेअर ८,७५०, त्यातले माझे ४,२००, म्हणजे ४८ टक्के. साठावरून अठ्ठेचाळीस, ठीक आहे.

मग करारनाम्याचा मसुदा येतो. त्यात एक ओळ असते, बहुधा दुसऱ्या पानावर: कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्क्यांचा ईसॉप पूल ठेवावा आणि तो प्री-मनी किमतीतच धरावा. ओळ निरुपद्रवी वाटते. चांगली माणसं हवीत तर त्यांना शेअर द्यावेच लागतील, यात वाद नाही. पण 'प्री-मनी किमतीतच' या शब्दांमुळे काय होतं ते पाहा. पैसे आल्यानंतरच्या तक्त्यात गुंतवणूकदाराचे वीस टक्के आणि पुलाचे दहा टक्के दोन्ही बसले पाहिजेत. उरले सत्तर, ते संस्थापकांचे. त्यांचे ७,००० शेअर म्हणजे सत्तर टक्के, तर एकूण शेअर १०,०००. पुलाचे १,०००, गुंतवणूकदाराचे २,०००. दोन कोटींना २,००० शेअर, म्हणजे भाव १०,००० रुपये. संस्थापिकेचे ४,२०० म्हणजे ४२ टक्के.

तेच आठ कोटी, तेच दोन कोटी, आणि तिचा टक्का अठ्ठेचाळीसऐवजी बेचाळीस. गुंतवणूकदाराचे वीस टक्के जसेच्या तसे. पुलाची सगळी झळ जुन्या मालकांनी सोसली. आता उलटा हिशेब करा. संस्थापकांचे ७,००० शेअर, भाव १०,०००, म्हणजे त्यांनी उभ्या केलेल्या धंद्याची किंमत प्रत्यक्षात सात कोटी लागली. आठातला एक कोटी अजून नेमलेही नाहीत अशा कर्मचाऱ्यांच्या नावावर गेला. वर्तमानपत्रात बातमी मात्र आठ कोटींची येते.

यात गुंतवणूकदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. पूल कोणाच्या खर्चाने ठेवायचा ही घासाघिशीची बाब आहे. पण घासाघीस किमतीच्या आकड्यावर होत राहते आणि पुलाच्या ओळीवर सही होऊन जाते, असं माझ्या टेबलावर पुष्कळदा घडतं. उपाय साधा आहे. येत्या दीड वर्षात कोणत्या जागा भरायच्या आणि प्रत्येक जागेला किती शेअर लागतील याची यादी करून बसायचं. यादी सहा टक्क्यांतच संपत असेल तर दहाचा पूल कशाला? रिकामा पूल पुढच्या फेरीपर्यंत पडून राहतो, आणि पुढचा गुंतवणूकदार तो असलेला पाहून नवा मागत नाही. म्हणजे आज संस्थापकांनी सोसलेली झळ उद्या दुसऱ्याच्या सोयीची ठरते.

दुसरी फेरी: टक्का उतरतो, किंमत चढते

दोन वर्षं धंदा चांगला चालतो. नवा गुंतवणूकदार कंपनीची किंमत चाळीस कोटी धरतो आणि दहा कोटी घालतो. चाळीस कोटी भागिले १०,००० शेअर, भाव ४०,००० रुपये. दहा कोटींत त्याला २,५०० शेअर. एकूण १२,५००. संस्थापिकेचे ४,२०० म्हणजे ३३.६ टक्के.

इथे एक सूत्र लक्षात ठेवा, सगळ्या फेऱ्यांना ते लागू पडतं:

```
नवा टक्का = जुना टक्का × (जुने एकूण शेअर ÷ नवे एकूण शेअर)
```

बेचाळीस गुणिले दहा हजार भागिले साडेबारा हजार, म्हणजे ३३.६. बेचाळीसातून वीस वजा होत नाहीत, बेचाळीसचे वीस टक्के जातात. म्हणून टक्का घसरतो, पण शून्याला कधी पोचत नाही. फ्लिपकार्टचा आकडा याच सूत्राने डोक्यात बसतो. सुरुवातीचा हिस्सा पन्नास टक्के धरा आणि दर फेरीनंतरच्या एकूण शेअरांत वीस टक्के नवे असतात असं माना. दहा फेऱ्यांनंतर पन्नासचे ५.४ होतात. फ्लिपकार्टच्या फेऱ्या काही सारख्या मापाच्या नव्हत्या. २००९ साली ॲक्सेलचे दहा लाख डॉलर, पुढच्या वर्षी टायगर ग्लोबलचे एक कोटी डॉलर, आणि जुलै २०१४ च्या एकाच फेरीत एक अब्ज डॉलर. पण साडेपाच टक्के हा अपघात नव्हता हे सांगायला एवढा अंदाज पुरेसा आहे. परक्यांच्या पैशांवर वर्षानुवर्षं तोटा सोसून बाजार काबीज करायचा, हा मार्ग धरला की तक्त्याचा शेवट साधारण तिथेच होतो.

आणि संस्थापिकेचं नुकसान झालं का? पहिल्या फेरीनंतर तिच्या शेअरांची किंमत चार कोटी वीस लाख होती. दुसऱ्या फेरीनंतर टक्का खाली येऊनही ती सोळा कोटी ऐंशी लाख झाली. कसोटी एकच: नवे शेअर ज्या भावाने निघाले तो भाव जुन्यापेक्षा वर आहे की खाली. वर असेल तर कमी टक्क्याची किंमत जास्त.

ही किंमत कागदावरची आहे, हेही सांगितलं पाहिजे. गुंतवणूकदाराचे शेअर बहुधा अग्रहक्काचे असतात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्याची मुद्दल सुटते आणि उरलेल्यातून संस्थापकाला मिळतं. त्यामुळे दोघांच्या शेअरचा भाव तक्त्यात एक दिसला तरी पडत्या काळात तो एक नसतो.

तिसरी फेरी: भाव पडतो तेव्हा

आता वाईट वर्ष येऊ द्या. पैसे संपत आले आहेत आणि नवा गुंतवणूकदार २०,००० रुपयांवर एक पैसा द्यायला तयार नाही. गेल्या फेरीतला भाव चाळीस हजार होता. याला डाउन राउंड म्हणतात. त्याचे दहा कोटी घेतले तर ५,००० नवे शेअर काढावे लागतात, कारण भाव निम्मा. एकूण १७,५००. संस्थापिकेचे २४ टक्के.

आतापर्यंतचा तक्ता असा:

| टप्पा | एकूण शेअर | तिचे शेअर | टक्का | भाव (रु.) | कागदोपत्री किंमत |
|---|---|---|---|---|---|
| सुरुवात | ७,००० | ४,२०० | ६० | १० | ४२ हजार |
| पहिली फेरी | १०,००० | ४,२०० | ४२ | १०,००० | ४.२० कोटी |
| दुसरी फेरी | १२,५०० | ४,२०० | ३३.६ | ४०,००० | १६.८० कोटी |
| तिसरी फेरी | १७,५०० | ४,२०० | २४ | २०,००० | ८.४० कोटी |

पण तक्ता इथे थांबत नाही. दुसऱ्या फेरीतल्या गुंतवणूकदाराने चाळीस हजाराने शेअर घेतले होते. त्याच्या करारात एक संरक्षक कलम असतं: पुढे कमी भावाने शेअर निघाले तर माझे अग्रहक्काचे शेअर साध्या शेअरांत बदलताना मला जास्त मिळावेत. किती जास्त, हे कलम कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं, आणि फरक फार मोठा आहे.

पहिली जात फुल रॅचेट. हिचा अर्थ असा, की त्याने जणू आजच्याच भावाने शेअर घेतले होते असं धरायचं. दहा कोटी भागिले वीस हजार, म्हणजे ५,००० शेअर. आधीचे २,५००, म्हणून एक पैसाही न देता २,५०० जादा. एकूण शेअर २०,००० होतात आणि संस्थापिकेचा हिस्सा २१ टक्क्यांवर येतो. नव्या फेरीत पाच हजारांऐवजी पन्नासच शेअर कमी भावाने निघाले असते, तरी या कलमाने त्याला पूर्ण भरपाई मिळाली असती. तेच या कलमाचं क्रौर्य.

दुसरी जात भारित सरासरीची. इथे कमी भावाने किती शेअर निघाले तेही मोजतात. जुने शेअर १२,५००. दहा कोटी जुन्या भावाने आले असते तर २,५०० शेअर निघाले असते, प्रत्यक्षात ५,००० निघाले. तेव्हा सुधारित भाव:

```
४०,००० × (१२,५०० + २,५००) ÷ (१२,५०० + ५,०००) = ३४,२८६
```

दहा कोटी भागिले ३४,२८६, म्हणजे सुमारे २,९१७ शेअर. जादा फक्त ४१७. संस्थापिकेचे साधारण २३.४ टक्के राहतात. एका जातीत तीन टक्के गेले, दुसऱ्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चांगल्या दिवसांत सही करताना दोन्ही कलमं सारखीच दिसतात, कारण भाव चढता असतो तोवर दोन्हींचा परिणाम शून्य असतो. पहिल्या फेरीच्या गुंतवणूकदाराचंच बघा. त्याने दहा हजाराने घेतले, आजचा भाव वीस हजार. त्याच्याकडे कितीही कडक कलम असलं तरी त्याला जादा काही मिळत नाही.

व्यवहारात फुल रॅचेट पुरतं वसूल होतंच असं नाही. तिसऱ्या फेरीत पैसे आणणारा म्हणतो, माझ्या पैशांवर मागच्याचा तोटा भरून काढणार असाल तर मी येत नाही. मग जुन्याला हक्क सोडावा लागतो, किंवा अर्ध्यावर तडजोड होते. पण त्या बैठकीत संस्थापकाच्या हाती काही नसतं. त्याच्याकडे पैसे नसतात आणि वेळही नसतो.

कमी भावाच्या शेअरांचा फटका गुंतवणूकदारालाही बसतो, याचं उदाहरण आपल्याच शहरात घडलं. २०२४ च्या सुरुवातीला बायजूजने वीस कोटी डॉलरचा हक्कभाग, म्हणजे राइट्स इश्यू, काढला. किंमत २०२२ मधल्या २२ अब्ज डॉलरच्या शिखरापेक्षा सुमारे ९९ टक्के खाली होती. हक्कभागात प्रत्येक भागधारकाला आपल्या प्रमाणात नवे शेअर घेण्याची संधी असते. जो घेईल त्याचा टक्का टिकतो. जो घेणार नाही त्याचा बहुतेक सगळा हिस्सा अशा भावाला पुसला जातो. काही गुंतवणूकदार त्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळूरु पीठाकडे गेले. टक्का राखण्याचा हक्क असणं वेगळं, आणि तो वापरायला खिशात पैसे असणं वेगळं. संस्थापकाच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. त्याच्याकडे सहसा पगार असतो आणि शेअर असतात, रोकड नसते.

नवे शेअर आणि विकलेले शेअर

आता पुन्हा शेजारी येऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्विगीचा आयपीओ आला. भाव ३९० रुपये, एकूण सुमारे ११,३२७ कोटींचा. आपल्यापैकी अनेकांनी अर्ज केला असेल. या ११,३२७ कोटींचे दोन भाग होते. ४,४९९ कोटींचे शेअर कंपनीने नवे काढले, सुमारे साडेअकरा कोटी शेअर. उरलेल्या ६,८२८ कोटींचे, सुमारे साडेसतरा कोटी शेअर, जुन्या भागधारकांनी आपल्याकडचे विकले.

मालकी पातळ झाली ती फक्त पहिल्या भागाने. आयपीओनंतर कंपनीचे एकूण सुमारे २२४ कोटी शेअर झाले, त्यातले साडेअकरा कोटी नवे. म्हणजे साधारण ५.१५ टक्के. आयपीओच्या आदल्या दिवशी ज्याच्याकडे दहा टक्के होते आणि ज्याने काही विकलं नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आसपास उरले. साडेसतरा कोटी शेअरांच्या विक्रीने हात बदलले, छेद बदलला नाही, आणि त्या विक्रीतला एक रुपयाही कंपनीच्या खात्यात आला नाही. वॉलमार्टच्या १६ अब्जांतही हाच भेद होता. त्यातले दोन अब्ज नव्या शेअरांपोटी फ्लिपकार्ट कंपनीला मिळाले, बाकीचे विकणाऱ्यांना. तेव्हा संस्थापकाचा टक्का उतरलेला दिसला की पहिला प्रश्न असा विचारायचा: नवे शेअर निघाले, की त्याने स्वतःचे विकले? पहिल्या बाबतीत पैसा कंपनीत गेला, दुसऱ्या बाबतीत त्याच्या घरी.

टक्का आणि मत

किमतीचा हिशेब झाला. पण टक्का आणखी एका कामी येतो, तो म्हणजे मतदान. इथे मात्र टक्का उतरणं हा खरा तोटा असू शकतो, आणि भाव कितीही चढला तरी तो भरून निघत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यात साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो. विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं बाजूने लागतात. बाहेरच्या माणसाला नवे शेअर देण्यासाठी कलम ६२ अन्वये विशेष ठराव लागतो. म्हणजे ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून जास्त मतं आहेत तो एकटाही पुढची फेरी अडवू शकतो. आपली संस्थापिका ३३.६ टक्क्यांवर होती तोवर हे बळ तिच्याकडे होतं. २४ वर ते काठावर आलं. काठावर म्हणतो याला कारण आहे. पुलातले कोणी न घेतलेले शेअर मत देत नाहीत, त्यामुळे मतांचा तक्ता आणि मालकीचा तक्ता तंतोतंत जुळत नाहीत. पुलाचे एक हजार शेअर अजून कोणी घेतले नसतील तर तिसऱ्या फेरीनंतर १६,५०० शेअरांवरच मतदान होईल. त्यात तिचे ४,२०० म्हणजे २५.५ टक्के. कर्मचारी ऑप्शन वापरून शेअर घेतील तसतसे ते घटून पंचवीसच्या खाली जातील. म्हणजे ज्या दिवशी कर्मचारी आपले शेअर घेतात, त्या दिवशी नकळत तिचा नकाराधिकार जातो. हे तक्त्यात आधी दिसतं, पण पाहणारा हवा.

याशिवाय कराराने दिलेले नकाराधिकार असतात. नवं कर्ज, कंपनीची विक्री, संचालकाची नेमणूक अशा बाबींची यादी करून गुंतवणूकदार म्हणतो, माझ्या संमतीविना हे होणार नाही. त्याच्याकडे सोळा टक्के असले तरी त्या यादीपुरता त्याचा शब्द शेवटचा. म्हणून संस्थापकाने पन्नास टक्के राखले म्हणजे कंपनी त्याच्या मुठीत, हा समज खरा नाही.

दुसरी वाट

टक्का राखायचाच असेल तर काय करावं? याचं उत्तर करारापेक्षा धंद्यात आहे. पुण्यातल्या क्विक हीलचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू पाहा. कैलास काटकर यांनी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून सुरुवात केली, संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. २०१० साली त्यांनी सिक्वोयाकडून साठ कोटी घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये भावाने आयपीओ आला, त्यात अडीचशे कोटींचे नवे शेअर निघाले. त्यानंतरही प्रवर्तकांकडे सुमारे ७३ टक्के राहिले. अँटिव्हायरसचं गिऱ्हाईक वर्षाचे पैसे आगाऊ भरतं. तो पैसा पुढच्या वर्षाचा खर्च उचलतो, त्यामुळे भांडवलासाठी वारंवार दारोदार जावं लागत नाही. फ्लिपकार्टला गोदामं, गाड्या आणि सवलती लागत होत्या. तो खर्च गिऱ्हाइकाच्या पैशातून निघणारा नव्हता. एकाने ७३ टक्के राखले आणि दुसऱ्याने साडेपाच, यात शहाणा कोण हे ठरवायचं कारण नाही. रोकड लवकर देणाऱ्या धंद्यात टक्का टिकतो, रोकड गिळणाऱ्या धंद्यात टिकत नाही.

शेवटी या सभागृहातल्या बहुसंख्य लोकांसाठी. तुमच्यातले संस्थापक थोडे, पण ईसॉपचं पत्र घरात असलेले पुष्कळ. त्या पत्रात टक्का लिहिलेला नसतो, शेअरांची संख्या लिहिलेली असते. 'पाच हजार ऑप्शन' वाचून कोणाला काही कळत नाही, कारण छेद माहीत नसतो. कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. पूल आणि रूपांतरित होणारे सगळे शेअर धरून एकूण शेअर किती? शेवटच्या फेरीत भाव काय होता? तुम्हाला ऑप्शन वापरताना कोणता भाव भरावा लागेल? पहिल्या उत्तराने तुमचा आजचा टक्का कळेल, उरलेल्या दोहोंनी त्याची आजची किंमत. आणि ज्यांना उद्या कंपनी काढायची आहे त्यांनी करारावर सही करण्याआधी पुढच्या दोन फेऱ्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने मांडून पाहावा, एक चढत्या भावाचा आणि एक पडत्या भावाचा. वकील, सल्लागार, कंपनी सेक्रेटरी यांच्यावर हे काम टाकू नका. आम्ही तक्ता बरोबर लिहितो, पण त्यातले शेअर तुमचे असतात.